गोळ्यांची अर्धी पट्टी

बाही आत गेली तेव्हा माझा मुलगा झोपेत होता. उभ्या उभ्या, डोळे अर्धे उघडे, हातात उसाच्या हिरव्या शेंड्यांची, वाड्याची पेंडी. वैरण बारीक कापायच्या कुट्टीच्या मशीनमध्ये पेंडी घालताना माणूस हात पुढं नेतो आणि मागं घेतो, पुढं नेतो आणि मागं घेतो. त्याचा हात पुढं गेला आणि मागं आलाच नाही.

मी तिथंच, दोन म्हशी पलीकडं, धार काढत बसले होते. मशीनचा आवाज एकदम जड झाला म्हणून मान वर केली. वाड्याबरोबर त्याच्या स्वेटरची बाही वैरण आत ओढणाऱ्या रुळांत गेली होती आणि बाहीमागून हात चालला होता. तो मात्र समोर बघत होता, कुणीतरी गोष्ट सांगतंय आणि हा ऐकतोय असा. बोटं रुळांत चिरडली तेव्हा त्याला जाग आली. संकटात माणूस आईला हाक मारतो म्हणतात. आई समोर बसलेली असताना हा म्हणाला, "आयला!"

मी चरवी टाकली आणि पळाले. या वयात मी पळू शकते हे मलाच माहीत नव्हतं. बटन दाराजवळच्या खांबावर आहे. ते बंद केलं. पण त्या मशीनचं चाक दगडासारखं जड असतं, वीज बंद झाली तरी ते लगेच थांबत नाही, आपल्या जोरावर फिरत राहतं. चाक फिरतंय तोवर रूळ ओढतच राहतात. तेवढ्यात सून स्वयंपाकघरातून आली, हाताला पीठ तसंच, आणि तिनं बाजूचा दांडा हाणून मधे आणला. दांडा मधे आला की रूळ सुटे होतात. चाक एकटंच घरघरत राहिलं आणि मग थांबलं.

हात अडकलेला होता. वरचा रूळ स्प्रिंगवर असतो, जाड वैरण आली तर तो वर उचलला जावा म्हणून. त्याच्याखाली पहार घालून मी दाबली, सुनेनं हात धरून बाहेर घेतला. उजवा हात. त्याच हातानं तो गाडीचं स्टेअरिंग धरतो आणि त्याच्यावरच आमचं घर चालतं. मधल्या बोटाचं आणि त्याच्या शेजारच्या बोटाचं टोक पात्यापर्यंत पोचलं होतं. ती टोकं आता नव्हती. बाकीचा पंजा सुजायला लागला होता आणि रंग बरा दिसत नव्हता.

सून म्हणाली, "आत्या, हात जातोय."

मी म्हटलं, "गाडी बोलव. रडायचं मग रड."

आता हे कसं झालं ते सांगते. कारण त्याच्या आदल्या संध्याकाळपासून आमच्या घरात सगळेजण औषधाच्या सूचना अगदी काटेकोर पाळत होते.

माझा मुलगा दुधाची पिकअप चालवतो. मुरगूडच्या बाजूच्या गावांतून पहाटे दुधाचे कॅन उचलायचे आणि डेअरीला पोचवायचे. आमचं घर कोल्हापूरच्या अलीकडं, गाव म्हणावं तर गाव, शहर म्हणावं तर रस्त्यावर तेवढी धूळ आणि तेवढेच हॉर्न. शेजारी मोटार वायंडिंगवाला राहतो. विहिरीच्या मोटारी जळतात, त्यांची तांब्याची तार काढून नवीन भरायची हे त्याचं काम. त्याच्या दुकानात वायंडिंगचं मशीन, ड्रिल, घासायचं चाक, सगळं घरघरतं. त्याच्या आजोबांपासून ते इथं आहेत. ईदला त्यांचा शिरकुर्मा आमच्याकडं येतो, पुरणाच्या पोळ्या त्यांच्याकडं जातात. त्यात कुणी कुणावर उपकार करत नाही. मुलगा आणि तो बरोबरीचे, लहानपणी एकाच आंब्यावरून पडलेले.

थंडीचे दिवस होते. कारखाने सुरू झालेले, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, हवेत धूळ आणि धूर. दोघांनाही एकदमच सर्दी झाली. नाक गळतं, डोळ्यांतून पाणी, घसा खवखवतो. माझा मुलगा मेडिकलमध्ये गेला आणि सर्दीच्या गोळ्यांची पट्टी आणि खोकल्याची बाटली घेऊन आला. डॉक्टरकडं जायचं त्याच्या मनात आलंच नाही. सर्दीला डॉक्टरकडं जातात ती माणसं वेगळी, त्यांना वेळ असतो. मेडिकलवाल्यानं सांगितलं होतं, रात्री एक घ्या, झोप येईल. हा घरी येऊन म्हणाला, झोप येईल म्हणे, बरंच हाय, खोकल्यानं झोपच न्हाय.

तेवढ्यात शेजारणीनं भिंतीवरून हाक मारली. तिच्या नवऱ्याला सर्दी, तुमच्याकडं गोळी आहे का. सुनेनं कात्री घेतली, पट्टी मधोमध कापली आणि अर्धी भिंतीवरून दिली. आमच्याकडं औषध असंच वाटतात. भाजीची वाटी द्यावी तशी अर्धी पट्टी द्यायची. अख्खी पट्टी आपल्याकडं ठेवून एक गोळी दिली तर माणूस कंजूष वाटतो.

पट्टी कापून झाल्यावर, जेवणं झाल्यावर, सुनेनं मागं काय लिहिलंय ते वाचलं. ती बारावी शिकलेली आहे आणि तिला वाचायची सवय आहे, तेलाच्या पिशवीवरचंसुद्धा वाचते. पट्टीच्या मागं बारीक इंग्रजी अक्षरांची एक ओळ होती, आडवी, पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. आमच्या अर्ध्या भागात होतं तेवढं तिनं मोबाईलमध्ये घालून मराठी करून घेतलं.

"आत्या, ऐका. 'यामुळं गुंगी येऊ शकते. वाहन चालवू नका.'"

मुलगा म्हणाला, "मी रातीला घेतूय. गाडी सकाळी हाय."

"सकाळपर्यंत राहतं की अंगात."

"एवढीशी गोळी. चहा घेतला की उतरत्या."

"गाडी न्यायची न्हाय म्हणजे न्हाय. लिहिलंय."

"अगं, कॅन कोण उचलणार? तुझा मोबाईल?"

त्यांचं असं बराच वेळ चाललं. मी मधे पडले नाही. सून बरोबर बोलत होती आणि मुलाचा हट्ट हा त्याच्या बापाचा हट्ट आहे, तो बोलून जात नाही, थकून जातो. शेवटी तो थकला. म्हणाला, बरं, उद्या गाडी नको. गोळी घेतली, वर खोकल्याचं औषध घेतलं आणि झोपला.

पहाटे उठला तो तोंडाला चव नाही, जीभ सुकलेली. खोकला होताच. परत बाटलीतलं दोन चमचे घेतलं. बाटलीबद्दल कुणीच काही बोललं नाही, कारण बाटली ही गोळी नव्हती. मग भिंतीपाशी जाऊन शेजाऱ्याला हाक मारली.

"ए, झोपलास व्हय? माझी फेरी मारतोस का आज? मला गाडी चालवायला बंदी हाय."

"कुणाची बंदी?"

"बायकोची. तिनं पट्टीवर वाचलंय, वाहन चालवू नका म्हणून."

शेजारी हसायला लागला. "लेका, माझ्या पट्टीवर मशीन लिवलंय! आमच्या हिनं वाचलं. नुसतं 'मशीन चालवणं' एवढंच हाय, म्हणजे चालवू नका आसंल म्हणं. म्हणून मी आज दुकान बंदच ठेवलंय."

"तुझ्यावर मशीन आणि माझ्यावर गाडी?"

"कंपनीला कळतंय बघ कोण काय काम करतंय ते."

दोघं हसून हसून खोकले आणि खोकून खोकून हसले. मग शेजारी म्हणाला, माझं मशीन बंदच आहे तर दे किल्ली, मी फेरी मारून येतो. लायसन त्याच्याकडं आहे, चारचाकी तो चालवतो. मुलानं किल्ली दिली. सुनेचं समाधान झालं. शेजारणीचं समाधान झालं. मला इंग्रजी येत नाही, मी चौथीपर्यंत शिकले. पण ते मराठीत असतं तरी त्या पहाटे मलाही सगळं बरोबरच वाटलं असतं. ज्याला गाडीची बंदी त्यानं गाडी सोडली, ज्याला मशीनची बंदी त्यानं मशीन सोडलं. यात चूक कुठं शोधायची?

मुलगा मग रिकामा बसला. त्याला रिकामं बसता येत नाही. कुट्टी रोज सून घालते. तो म्हणाला, "आज मी घालतो वैरण. तू भाकरी टाक."

सुनेनं एकदा विचारलं, "झोप येतीय का?"

"न्हाय गं. फक्त डोकं जरा कापसासारखं झालंय."

तिनं ते ऐकलं आणि आत गेली. भाकरी होती, म्हशी ओरडत होत्या, आणि कुट्टीचं मशीन हे कुणाच्याच डोक्यात मशीन नव्हतं. ते आमच्या गोठ्यात चुलीसारखं आहे. मशीन म्हणजे शेजाऱ्याच्या दुकानात असतं ते. पूर्वी आम्ही कडबा कोयत्यानं तोडून घालत होतो, त्यात मी स्वतः अंगठा दोनदा कापून घेतलाय, पण कोयता माणसाला ओढून घेत नाही. थांबलात की तोही थांबतो.

पुढचं मी सांगितलं. बाही, रूळ, आयला.

तर आता पिकअप शेजाऱ्याकडं. सुनेनं त्याला फोन लावला. वाजला, उचलला नाही. परत लावला. परत वाजला. शेजारीण भिंतीवरून म्हणाली, गाडी चालवताना उचलत नसेल, तेवढा तो शहाणा आहे. मी धुतलेला टॉवेल घट्ट दाबून हाताला बांधला, हात वर धरायला लावला आणि सुनेला म्हटलं, तुझी स्कूटी काढ.

"तिघं कसं?"

"जसं लग्नाला जातो तसं."

ती पुढं, तो मधे, मी मागं त्याला आवळून. एका हातानं त्याचा हात वर धरलेला. रस्त्यावरच्या लोकांना वाटलं असेल, म्हातारी पोराला घेऊन मिरवणूक काढतेय. उसाची ट्रॉली पुढं, तिच्यामागं आम्ही, सून हॉर्न वाजवतेय आणि ट्रॉलीवाल्याची गाणी आमच्या हॉर्नपेक्षा मोठी. सुनेनं त्याच्या बाजूनं गाडी घातली आणि असं काही बोलली की मी तिच्याकडं नव्यानं बघितलं. एवढं तिला येतं हे मला लग्न ठरवताना कुणी सांगितलं नव्हतं.

मुलाची मान सारखी तिच्या खांद्यावर पडत होती. रक्त गेल्यानं पडत होती की गोळीनं, मला कळत नव्हतं. मी त्याच्या पाठीत धपाटे घालत होते.

"जागा रहा."

"जागाच हाय मी."

"मग मान का पडतीय?"

"आये, दुखतंय गं."

"दुखू दे. दुखतंय म्हणजे हात हाय."

शहरातल्या हाडांच्या दवाखान्यात त्याला आत घेतलं. मोठ्या डॉक्टरांनी हात बघितला, फोटो काढायला लावला. मग आम्हाला सांगितलं, दोन बोटांची टोकं गेलीत, ती मिळणार नाहीत. हाडं दोन-तीन ठिकाणी मोडलीत. पण खरी काळजी रक्ताची आहे. चिरडलेल्या बोटांत रक्त पोचतंय का ते आत उघडून बघावं लागेल. पोचत असेल तर हात राहील. नसेल तर किती काढावा लागेल ते उघडल्यावरच कळेल.

सुनेनं विचारलं, "गाडी चालवता येईल का?"

डॉक्टर म्हणाले, "ते मग बघू." डॉक्टर 'मग बघू' म्हणतात तेव्हा त्यांनाही माहीत नसतं. मला त्याचा राग आला नाही. खोटं बोलले असते तर आला असता.

मग भूल देणारी डॉक्टरीण आली. तरुण, पण बोलण्यात घाई नाही. तिनं विचारलं, शेवटचं कधी खाल्लं. मी म्हटलं, चहा घेतलाय, भाकरी व्हायची होती. काही औषधं चालू आहेत का? मी म्हटलं, काही नाही, धडधाकट आहे. आमच्याकडं औषध चालू असणं म्हणजे बीपीचं, साखरेचं. सर्दीची गोळी त्यात मोजत नाहीत.

सून म्हणाली, "सर्दीची गोळी घेतलीय. रात्री."

"कुठली? आणली आहे?"

सुनेनं पर्समधून अर्धी पट्टी काढली. डॉक्टरणीनं ती उलटी करून बघितली. "एवढीच? आणखी काही? खोकल्याचं वगैरे?"

"दोनदा. रात्री आणि पहाटे."

डॉक्टरणीनं मान हलवली. म्हणाली, सर्दीच्या या गोळीत आणि खोकल्याच्या बऱ्याच औषधांत गुंगी आणणारा एकच घटक असतो. दोन्ही घेतलं की तो दुप्पट होतो. आणि तो सकाळी उठल्यावर संपत नाही, दिवसभरसुद्धा राहू शकतो. माणसाला वाटतं मी जागा आहे, पण हात आणि डोकं एका वेळेला चालत नाहीत.

मी म्हटलं, "चहानं उतरत नाही?"

"नाही, आजी. चहानं फक्त चहा प्यायल्यासारखं वाटतं."

ही बाई मला आवडली.

तेवढ्यात शेजारी आला. पायाला चिखल, शर्टाला उसाची पानं चिकटलेली, चेहरा मेलेल्यासारखा. शेजारणीनं फोनवर फक्त दवाखाना सांगितला, तसा कुणाच्या तरी मोटारसायकलवरून आला होता. मी आधी विचारलं, "फोन का उचलत न्हवतास?"

तो खाली बसला. म्हणाला, "मावशी, गाडी उसात हाय."

मग त्यानं सांगितलं. कॅन भरून परत येत होता. सरळ रस्ता, ऊन नुकतं आलेलं, काचेतून अंगावर. त्याला आठवतंय ते एवढंच की रस्त्याच्या कडेनं एक बाई डोक्यावर शेणाची पाटी घेऊन चालली होती. ती लांब होती. मग ती एकदम जवळ होती. मधला रस्ता कुठं गेला ते त्याला माहीत नाही. त्यानं स्टेअरिंग फिरवलं आणि गाडी बांध ओलांडून उभ्या उसात घुसली. ऊस इतका दाट की गाडी उलटली नाही, उसानंच धरून ठेवली. कॅन सांडले. फोन सीटखाली वाजत होता आणि याला तो ऐकू येत होता, पण उचलायचा असतो हे लक्षात येत नव्हतं.

"बाई?" सुनेनं विचारलं.

"बाईनं पाटी टाकली आणि मला इतक्या शिव्या दिल्या की मला बरं वाटलं. जिवंत माणूसच एवढ्या शिव्या देतंय."

मग मुलाच्या हाताचं काय झालंय ते त्याला कळलं. त्यानं खिशातून आपली अर्धी पट्टी काढली आणि बाकावर ठेवली, जणू तिचाच सगळा दोष. "हिच्यावर मशीन लिवलंय, मावशी. गाडी कुठं लिवलीय? मी मशीनला हात लावला न्हाय आज."

डॉक्टरणीनं दोन्ही तुकडे उचलले आणि कात्रीच्या कडा एकमेकींना लावल्या. बरोबर जुळल्या. तिनं सबंध ओळ आधी इंग्रजीत वाचली आणि मग आम्हाला मराठीत सांगितली. यामुळं गुंगी येऊ शकते. वाहन चालवू नका किंवा यंत्रावर काम करू नका.

शेजारी त्या तुकड्यांकडं बघत राहिला. "म्हणजे दोन्ही?"

"दोन्ही. तुम्हालाही आणि त्यांनाही. गोळीला तुमचा धंदा कळत नाही हो. गाडी, मशीन, शिडी, विहिरीचा काठ, उकळतं तेल, जिथं डुलकी लागली तर जीव जाईल ते सगळं त्यात आलं."

"कुट्टीचं मशीन?" सुनेनं विचारलं.

"ते पहिलं."

सून भिंतीला टेकली. तिला वाटत होतं की तिनं वाचलं म्हणून झालं. मी तिला म्हटलं, "तू वाचलंस तेवढं खरं होतं. पुढचं तुझ्या हातात नव्हतं, भिंतीपलीकडं होतं. आता डोळे पूस, त्याला आत न्यायचंय." याहून जास्त समजूत घालणं मला येत नाही.

डॉक्टरणीनं शेजाऱ्याला दोनदा सांगितलं की आज गाडी चालवत घरी जायचं नाही, दुसऱ्या कुणाच्या मागं बसून जायचं. तो म्हणाला, "मावशीच्या स्कूटीवर चौथा बसतो." त्या वेळी हसू यायला नको होतं. आलं.

मुलाला पूर्ण भूल दिली नाही. डॉक्टरीण म्हणाली, पोटात चहा आहे आणि अंगात आधीच गुंगीचं औषध आहे, त्यावर आणखी झोप नको. मानेजवळ सुई देऊन तिनं फक्त तो हात बधीर केला. तो स्ट्रेचरवरून आमच्याकडं बघत होता, जागा, हात दुसऱ्याचा असल्यासारखा शेजारी पडलेला.

"आये, म्हशींची कुट्टी राह्यली."

"शेजारीण घालतीय वाडं. न कापता. खातील की चावून, दात हायत त्यांना."

त्याला आत नेलं. आम्ही बाकावर बसलो. सून, मी आणि शेजारी. डेअरीवाल्याचा फोन आला, दूध कुठंय. शेजाऱ्यानं घेतला आणि म्हणाला, उसात. तिकडून काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. शेजाऱ्याला मधेच डुलकी लागली, बसल्या बसल्या, तोंड उघडं. एवढी भीती, एवढं दुःख, आणि माणूस घोरायला लागला. तेव्हा मला गोळीचा खरा जोर कळला. सुनेनं त्याला हलवायला हात पुढं केला. मी म्हटलं, झोपू दे, इथं बाक आहे, रस्ता नाही.

सून हळू आवाजात म्हणाली, "हात गेला तर?"

"तर डाव्यानं जेवेल."

"गाडी?"

मी मनात हिशेब करत होते की एका हातानं माणसाला आमच्याकडं काय काम देतात. म्हशीची धार काढायलासुद्धा दोन हात लागतात. वैरण बांधायला दोन. मला आठवेना की एका हाताचं काम कुठलं.

बऱ्याच वेळानं मोठे डॉक्टर बाहेर आले. मास्क खाली ओढला. म्हणाले, रक्त पोचतंय. दोन बोटं पहिल्या पेरापाशी बंद केली, हाडांत तारा घातल्या, अंगठा आणि बाकीची बोटं राहतील. हात आणखी दोन इंच आत गेला असता तर मी हे बोललो नसतो. मशीन कुणी बंद केलं?

सुनेनं माझ्याकडं बोट केलं. मी तिच्याकडं केलं. डॉक्टर म्हणाले, ठीक आहे, दोघींनी.

तारा निघाल्या, व्यायाम झाले. मूठ आता पूर्वीसारखी आवळत नाही, पण स्टेअरिंग धरते. बऱ्याच महिन्यांनी तो गाडीवर गेला. त्या दिवशी सकाळी सुनेनं त्याला विचारलं, काही घेतलंयस का, आणि त्यानं खिसे उलटे करून दाखवले. आता मेडिकलमध्ये सर्दीचं काही घ्यायचं झालं की तो आधी सांगतो, मी ड्रायव्हर आहे, कुट्टी पण घालतो, झोप न येणारं द्या. तसली औषधंही मिळतात. इतकी वर्षं कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून कुणी दिली नव्हती. खोकल्याच्या बाटलीवरही तीच ओळ निघाली, खाली अगदी तळाशी, चिकटपट्टीसारखी गुंडाळलेली.

शेजाऱ्यानं गाडीचा पुढचा भाग स्वतः नीट करून दिला. उसाच्या मालकानं मोडलेल्या उसाबद्दल आरडाओरडा केला, मग गाडीतून सांडलेलं दूध बघून त्यालाच वाईट वाटलं. बोटांची टोकं गेली त्या कुट्टीचा ढीग मी म्हशींना घातला नाही, उकिरड्यावर टाकला.

त्या सकाळी माझा मुलगा जगला. शेजारी जगला, त्याला खरचटलंसुद्धा नाही. शेणाची पाटी घेऊन चाललेली ती बाईही जगली. ती कोण होती ते आम्हाला अजून माहीत नाही.